२०२६ च्या कॅलेंडरचं प्रूफ पाहिलं, मामा

मामा, सा. न. वि. वि.

दुकानाच्या कॅलेंडरचं प्रूफ परवा मिळालं. लक्ष्मीचा फोटो उत्तम आहे, पण पानाचा निम्म्याहून जास्त भाग तिनेच घेतलाय. खाली दुकानाचं नाव, त्याखाली फोन नंबर, मग पुन्हा पट्टीत फोन नंबर. तारखांना उरलं ते उरलं. गिऱ्हाईक हे कॅलेंडर स्वयंपाकघरात लावतं ते तारीख बघायला आणि दुधाचा हिशेब लिहायला. ते काम झालं तरच ते वर्षभर भिंतीवर राहील आणि तुमचं नावही राहील.

प्रूफ भिंतीला चिकटवून ओट्यापासून पाहिलं. आकडे करड्या रंगात आणि मागे कमळाची नक्षी, त्यामुळे ३ आणि ६ वेगळे कळत नाहीत. नक्षी काढाच. आकडे काळे, जाड आणि आताच्या दुप्पट मोठे हवेत. तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं लाल करू नका. चार रंगांच्या छपाईत लाल रंग किरमिजी आणि पिवळा एकावर एक छापून होतो. रजिस्टर, म्हणजे या रंगांची जुळणी, केसभर हललं की बारीक अक्षराला दुहेरी कड येते आणि आजीला चष्म्यातूनही वाचता येत नाही. ती काळ्यातच ठेवा.

ऑगस्टचं पान मला सगळ्यात खटकलं. २०२६ मध्ये १ ऑगस्ट शनिवारी येतो, म्हणून महिना सहा ओळींत जातो. डिझायनरने पाचच ओळी ठेवून २३ च्या चौकटीत ३० आणि २४ च्या चौकटीत ३१ कोंबलाय. मे महिन्यात २४ आणि ३१ चं तेच झालंय. वर्षभरात अशा तीनच चौकटी आहेत, पण त्या महिनाअखेरीच्या. दूधवाला, पेपरवाला, तुमची स्वतःची उधारी, सगळ्यांचा हिशेब तेव्हाच होतो आणि तिथेच लिहायला जागा अर्धी. या दोन पानांवर सहावी ओळ घाला आणि फोटो थोडा लहान करा. तीस-एकतीस वरच्या रिकाम्या चौकटींत टाकायची पद्धतही आहे. ती चालेल, पण माझा कल सहाव्या ओळीकडे.

सुट्ट्यांचा घोळ मोठा आहे. रविवार लाल, सुट्टी लाल आणि संक्रांतही लाल. १४ जानेवारीला राज्याची सार्वजनिक सुट्टी नसते. गिऱ्हाईक त्या दिवशी बँक बंद समजून घरी बसेल. सणाचं नाव काळ्यात द्या, लाल फक्त रविवार आणि सुट्टीला. त्यातही सुट्टीच्या आकड्याभोवती गोल काढा, कारण महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, दोन्ही रविवारी आहेत. आत्ता तिथे सुट्टीची वेगळी खूणच दिसत नाही. १ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी आहेत, आणि प्रूफमध्ये दुसरं नाव चौकटीबाहेर जाऊन २ तारखेवर चढलंय. बँकेच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारला कोपऱ्यात छोटा 'बँ' पुरे. १५ ऑगस्ट तिसऱ्या शनिवारी आहे, तिथे 'बँ' नको, तिथे गोलच. आणि ईदच्या तारखांना तारा टाकून खाली 'चंद्रदर्शनानुसार' एवढं लिहा, नाहीतर ऐनवेळी तुम्हालाच फोन येतील.

एक गोष्ट मात्र पूर्ण राहूनच गेलीय. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि प्रूफमध्ये त्याचा उल्लेखच नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे, बत्तासे द्यायचे म्हणून बायका तारखा विचारत तुमच्याच दुकानात येतात ना? मे आणि जून या दोन्ही पानांच्या डोक्यावर ठळक छापा.

आता कागद. नमुन्याचा चकचकीत आर्ट पेपर फोटोला चांगला, पण त्यावर बॉलपेन घसरतं आणि जेलची शाई पुसली जाते. साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो कागद घ्या, जरा जाड. पानं पाठपोट छापणार आहात, त्यामुळे पातळ कागदावर जानेवारीचं लिखाण जुलैत उमटेल. चौकटीतला मजकूर वरच्या अर्ध्यात बसवा आणि खालचा अर्धा कोरा सोडा. 'दूध दीड लिटर' किंवा 'गॅस लावला' एवढं तिथे मावलं पाहिजे. खालच्या पट्टीतला दुसरा फोन नंबर काढून तिथे चार रेघा आखल्या, तर कामवालीचे खाडेही लिहिता येतील.

डिझायनरला आधी ऑगस्टचं पान दुरुस्त करायला सांगा आणि तेवढंच मला पाठवा. ते जमलं की बाकीची अकरा त्याच मापात बसतील. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा