खोलीत राहिलेल्या सामानाबाबत

दि. ९ जून २०२५

श्री. समीर यांस,
स. न. वि. वि.

३० मे रोजी रात्री तुमचा ‘घर सोडतोय, नंतर बोलू’ एवढाच निरोप आला आणि किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलेली सापडली. तेव्हापासून तुमचा फोन बंद आहे. एवढ्या घाईने का जावं लागलं ते मी विचारणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. पण तुमचं बरंच सामान खोलीत राहिलं आहे, त्याचं काय करायचं ते ठरवायला हवं. करारातल्या तुमच्या कायमच्या पत्त्यावर हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. याचाच फोटो तुमच्या नंबरवरही पाठवला आहे.

गुरुवारी, ५ जूनला, शेजारच्या जोशी वहिनींना सोबत घेऊन मी कुलूप उघडलं. दोघांनी मिळून यादी केली, फोटो काढले आणि यादीवर सह्या केल्या. मोठं सामान म्हणजे लोखंडी कॉट, गादी, लिहायचं टेबल, दोन खुर्च्या, मिक्सर आणि निळी सायकल (मागच्या चाकात हवा नाही, ती आधीपासूनच नव्हती). कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांची तीन खोकी आहेत. टेबलाच्या खणात एक हार्ड डिस्क मिळाली. ती कशालाही जोडून पाहिलेली नाही, कागदात गुंडाळून ठेवली आहे. फ्रीज माझा, पण आतलं सगळं खराब झालं होतं, ते टाकून द्यावं लागलं. त्याखेरीज एकही वस्तू टाकलेली नाही. यादीत काही सुटलं असेल तर सांगा, पुन्हा पाहू.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तुमच्या मूळ गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट आहे. फोल्डर उघडून आत काय आहे एवढंच पाहिलं, मग पाकिटात घालून चिकटपट्टी लावली आणि त्यावर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. हे पाकीट माझ्या घरात, माझ्या कपाटात आहे. बाकी सामानाचं काहीही होवो, हे कागद मी कधीही फेकणार नाही. पण अशा गोष्टी दुसऱ्याच्या घरात पडून राहू नयेत, म्हणून निदान एवढ्यासाठी तरी लवकर या.

सामान नेण्यासाठी रविवार, १३ जुलै २०२५, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत मुदत देत आहे. टेम्पो ठरवायला आणि रजा काढायला महिनाभर पुरावा. शेवटचा दिवस मुद्दाम सुट्टीचा धरला आहे. तोपर्यंत सामान ठेवण्याचे पैसे मी घेणार नाही. रोज संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी दिवसभर मी घरी असतो. आदल्या दिवशी कळवलंत तर बरं, म्हणजे खालचं फाटक उघडून ठेवता येईल. स्वतः येणं जमत नसेल तर तुमच्या सहीचं पत्र आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन दुसऱ्या कुणाला पाठवा. सामान यादीप्रमाणे मोजून देईन आणि पोच घेईन. पासपोर्टचं पाकीट मात्र शक्यतो तुमच्याच हातात द्यायचं आहे. अगदीच अडलं तर पत्रात त्याचा वेगळा उल्लेख करा.

मुदत अपुरी वाटत असेल तर १३ जुलैच्या आत लेखी कळवा, फोनवरचा मेसेजही चालेल. नवी तारीख सांगितलीत तर आणखी दोन आठवडे थांबायला माझी हरकत नाही. काहीच उत्तर आलं नाही तर मात्र खोली रिकामी करावी लागेल. त्यानंतर वापरण्याजोगं सामान विकेन, आलेली रक्कम तुमच्या नावे हिशेबात जमा दाखवीन, आणि जे विकलं जाणार नाही ते गरजूंना देईन. हार्ड डिस्क विकणार नाही, ती कागदांसोबत राहील.

मे महिन्याचं भाडं आणि वीजबिल बाकी आहे. पण ‘आधी पैसे द्या, मग सामान न्या’ असं मी म्हणणार नाही. सामान तुमचं आहे, ते बाकीपोटी अडकवून ठेवलेलं नाही. थकबाकी डिपॉझिटमधून वळती करून बिलांच्या प्रतींसह वेगळा हिशेब पाठवीन. पाहून काही खटकलं तर बोलू. उरलेले पैसे परत करायचे आहेत, तेव्हा बँक खात्याचा तपशील आणि सध्याचा पत्ता कळवा.

एक राहिलंच. तुमच्या नावाची दोन टपालं आली आहेत, त्यातलं एक बँकेचं दिसतं. दोन्ही न फोडता त्याच पाकिटाशेजारी ठेवली आहेत.

कळावे,
आपला,
प्रभाकर
(घरमालक)

सोबत: सामानाची सह्या केलेली यादी, २ पाने, फोटोंच्या प्रती.