पाठ : चवथीचा खर्च जानेवारीतच मांडावा

डिचोलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या चौघांच्या एका कुटुंबाचा महिना पाहू. वडिलांचा पगार 24,000 रुपये असून आईला शिवणकामातून सरासरी 8,000 रुपये मिळतात, म्हणजे एकूण उत्पन्न 32,000 रुपये आहे. घरभाड्याचे 7,000, किराणा, दूध, भाजी व मासळीचे 11,000, वीज, पाणी व गॅसचे 2,200, दुचाकीच्या हप्त्याचे 2,800, पेट्रोल व बसभाड्याचे 2,500, शिक्षणाचे 2,000, मोबाइलचे 800 आणि औषधांचे 700 असे एकूण 29,000 रुपये खर्च होतात व 3,000 रुपये उरतात.

मात्र ही शिल्लक फसवी आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत मासळी महागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चवथीला माटोळी, पूजा, फराळ, कपडे व पाहुण्यांसाठी लागणारे 18,000 रुपये महिन्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत. हा खर्च अचानक उद्भवत नाही. चवथ दरवर्षी येतेच. म्हणून 18,000 भागिले 12, म्हणजे दरमहा 1,500 रुपये, ही अंदाजपत्रकातील स्वतंत्र नोंद असली पाहिजे.

ती नोंद केली नाही आणि ऐन वेळी दरमहा 3 टक्के दराने कर्ज काढले, तर काय होईल? ‘शेकडा तीन’ ऐकायला किरकोळ वाटते, पण तो वर्षाला 36 टक्के दर आहे. शिल्लक रकमेवर व्याज धरून 12 समान हप्ते पाडल्यास प्रत्येक हप्ता सुमारे 1,808 रुपयांचा होतो आणि एकूण 21,700 रुपये, म्हणजेच 3,700 रुपये व्याज, भरावे लागते. शिवाय हे हप्ते फिटेपर्यंत पुढची चवथ दारात उभी असते.

याउलट तेच 1,500 रुपये दरमहा आवर्ती ठेवीत भरले आणि व्याजदर वार्षिक 6 टक्के धरला, तर पहिल्या हप्त्यावर 12 महिन्यांचे, दुसऱ्यावर 11 महिन्यांचे, याप्रमाणे शेवटच्या हप्त्यावर एका महिन्याचे व्याज मिळते. या महिन्यांची बेरीज 78 होते.

सरळव्याज = 1,500 × 78 × 6 ÷ (12 × 100) = 585 रुपये

बँका सहसा तिमाही चक्रवाढ धरत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक मिळते. 585 रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, हे खरे. पण कर्जाचे 3,700 वाचले ते वेगळेच. राहिलेले 1,500 रुपये आजारपण किंवा दुरुस्तीसाठी बचत खात्यात ठेवावेत.

स्वाध्याय : मुलाला 12,000 रुपयांचा मोबाइल ‘बिनव्याजी’ सहा हप्त्यांत मिळतो, मात्र 600 रुपये प्रक्रिया शुल्क आधी भरावे लागते. हा व्यवहार खरोखर बिनव्याजी आहे का? दरमहा 2,000 रुपयांचा हप्ता कोणत्या नोंदीतून काढावा लागेल आणि त्या सहा महिन्यांत चवथीच्या ठेवीचे काय होईल, हे अंदाजपत्रक नव्याने मांडून दाखवा.