‘जन गण मन’ आणि हातातून निसटलेलं डुक्कर : ‘फँड्री’तल्या एका दृश्याचं विश्लेषण

एम. ए. जनसंज्ञापन, भाग 2, सोलापूर
विषय : चित्रपट आस्वाद
असाइनमेंट : मिझाँसेन, मॉन्टाज आणि साउंड डिझाइन यांच्या आधारे कोणत्याही एका दृश्याचं विश्लेषण

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) मधलं राष्ट्रगीताचं दृश्य मी निवडलं आहे. गावातली मोकाट डुकरं पकडायचं काम कचरू मानेच्या घरावर आलेलं आहे. शाळेलगतच्या मोकळ्या जागेत अख्खं घर डुकरामागे पळतंय. कचरूचा शाळकरी मुलगा जब्या मात्र शाळेतलं कुणी, विशेषतः त्याला आवडणारी शालू, आपल्याला बघेल या धास्तीनं आडोसे शोधतोय. डुक्कर आता सापडणार असं वाटत असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निघून जातं.

हे दृश्य मी तीनदा पाहिलं. एकदा नेहमीसारखं, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐकलं. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिआँ यांनी सांगितलेली ही पद्धत सरांनी वर्गात शिकवली होती. आवाज बंद केला आणि मी चक्रावलो. माणसं जिवाच्या आकांतानं पळतायत आणि अचानक पुतळ्यासारखी उभी राहतात. का? पडद्यावर त्याचं कुठलंच उत्तर नाही. उत्तर पूर्णपणे कानात आहे. म्हणून मिझाँसेनपासून, म्हणजे चौकटीतल्या मांडणीपासून, सुरुवात करायचा शिरस्ता मोडून मी आवाजापासून सुरुवात करतो.

राष्ट्रगीत इथे पार्श्वसंगीत नाही. ते कथेतल्या शाळेतून, कथेतल्या पोरांच्या तोंडून येतं, म्हणजे डायजेटिक आहे. ते पात्रांनाही ऐकू येतं आणि आपल्यालाही. पण पात्रांपुरता त्याचा उगम भिंतीपलीकडे आहे. जब्या त्या शाळेचा विद्यार्थी, आज मात्र भिंतीच्या बाहेर. त्याच्या अंगापर्यंत शाळा पोचते ती फक्त आवाजातून. आणि तेवढ्यानं त्याचं शरीर सावधान होतं, कारण शाळेनं ते त्याच्या अंगात मुरवलेलं आहे. दिग्दर्शकाला एकही संवाद लिहावा लागलेला नाही.

आयझेन्स्टाइन, पुडोवकिन आणि अलेक्झांड्रोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकांनी 1928 साली ध्वनीविषयी संयुक्त निवेदन काढलं होतं. बोलपट तेव्हा नुकताच येत होता. जे दिसतं तेच ऐकवलं तर मॉन्टाज, म्हणजे शॉटला शॉट जोडून अर्थ उभा करणं, मरेल, ध्वनी दृश्याच्या विरोधात उभा करा, असा त्यांचा आग्रह होता. हे निवेदन मला पाठ होतं, पण समजलं ते या दृश्यात. कानावर देशाचं सर्वांत पवित्र गीत आणि डोळ्यांसमोर गावानं सर्वांत हलकं ठरवलेलं काम. दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि तिसरा अर्थ निघतो. तो दृश्यातही नाही आणि गीतातही नाही.

मॉन्टाजबद्दल माझं एक निरीक्षण आहे. पाठलागाच्या दृश्यात संकलक सहसा आपल्या मर्जीचा मालक असतो. शॉट तोडत जायचे, वेग वाढवायचा, प्रेक्षकाचा श्वास वर न्यायचा. पण राष्ट्रगीत सुरू झालं की वेळेची मालकी बदलते. त्याला ठरलेली लांबी आहे, पूर्ण गायनाला सुमारे 52 सेकंद. मुख्य म्हणजे ती लांबी प्रेक्षकालाही पाठ आहे. ‘पंजाब सिंधु गुजरात मराठा’ कानावर आलं की अजून किती उरलंय हे आपल्याला मोजावं लागत नाही. सस्पेन्स तिथून येतो. डुक्कर किती लांब गेलं असेल आणि ‘जय हे’ यायला किती वेळ आहे, ही बेरीज-वजाबाकी आपण खुर्चीत बसून करत राहतो. पाठलाग थांबला तरी आतली धावपळ थांबत नाही. कॅमेऱ्यापुढे काहीही वेगानं हलत नसताना इतका ताण निर्माण झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

आता मिझाँसेन. फ्रेंचमधला हा शब्द नाटकातून आला, रंगमंचावर मांडणं या अर्थानं. इथे रंगमंच म्हणजे उघडं, कोरडं रान. ही जमीन मला परकी नाही. मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. अशा जागेत लपायला काही नसतं, आणि जब्याचं दुखणं नेमकं तेच आहे. आतापर्यंत तो वाकत, आडोशाला जात, स्वतःला लहान करत होता. राष्ट्रगीत लागतं आणि त्याला ताठ उभं राहावं लागतं, जसा आहे तसा, सगळ्यांना दिसेल असा. जो पोरगा अदृश्य व्हायला धडपडत होता, त्याला सन्मानाच्या त्याच मुद्रेनं उघडं पाडलं. माणसं जिथे होती तिथेच थिजली आहेत, आणि हलण्याची मुभा उरली आहे ती फक्त डुकराला. मला या दृश्यातली सर्वांत टोकदार मांडणी हीच वाटते.

वर्गातल्या चर्चेत एक मत आलं, की हे दृश्य राष्ट्रगीताची थट्टा करतं. मला ते अजिबात पटत नाही. थट्टा करायची असती तर उभ्या राहिलेल्या माणसांना वेडगळ दाखवलं असतं. इथे ती माणसं गीताशी प्रामाणिक आहेत, हातातोंडाशी आलेलं काम सोडण्याइतकी प्रामाणिक. त्यांची ही निष्ठा खरी असल्यामुळेच दृश्य बोचतं. भिंतीपलीकडच्या पोरांना थांबल्याची काही किंमत मोजावी लागत नाही. भिंतीबाहेरच्यांना लागते.

हे लिहिताना आजी सारखी आठवत होती. ती विड्या वळायची. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन कारखान्यात विड्या द्यायला निघायची, तेव्हा वाटेत माझीच शाळा लागायची. प्रार्थनेच्या रांगेतून मला कंपाउंडच्या जाळीपलीकडे बायकांची ओळ दिसायची. राष्ट्रगीत सुरू झालं की त्या थांबायच्या. आजी एका हातानं टोपली धरून उभी असायची, दुसरा हात ताठ खाली. ‘जय हे’ झालं की आम्ही वर्गात जायचो आणि त्या जवळजवळ पळत सुटायच्या, कारण उशीर झाला की माल घेताना बोलणी बसायची.

आमच्या विभागात ‘फँड्री’ दाखवला तेव्हा या दृश्याला दोन-तीन बाकं करकरली. पुढच्या ओळीतला एक मित्र अर्धवट उठला, मागे बघितलं, परत बसला. कायद्यानं उभं राहायची गरज नव्हती. राष्ट्रगीत चित्रपटाच्या कथेचाच भाग असेल तर प्रेक्षकांनी उभं राहणं आवश्यक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये स्पष्ट केलं होतं. तरीही त्याचं शरीर जब्याच्या शरीरासारखंच हललं. साउंड डिझाइन पडद्याच्या चौकटीबाहेर येऊन काम करतं म्हणजे काय, हे मला त्या करकरण्यात कळलं.

राष्ट्रगीत संपतं आणि पुन्हा पळापळ सुरू होते. डुक्कर तोवर लांब गेलेलं असतं, आणि भिंतीपलीकडची पोरं आता तमाशा बघायला मोकळी झालेली असतात.