टाकाऊतून टिकाऊ: शालेय दीपोत्सवातील हस्तकला प्रदर्शनाचे स्वागतपर भाषण (ऐरोली, नवी मुंबई)

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, शाळा समितीचे सदस्य, माझे सहकारी शिक्षक, सुट्टी टाकून, दुकान बंद ठेवून आलेले पालक, आणि गेला महिनाभर कार्यानुभवाच्या खोलीची फरशी डिंकाने चिकट करून ठेवणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, शाळेच्या दीपोत्सवात तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

आजच्या प्रमुख पाहुण्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. इथल्या प्रत्येक घराने त्यांच्या काट्यावर कधी ना कधी वर्तमानपत्रं ठेवली आहेत. शाळेच्या मागच्या गल्लीतल्या दुकानाचे मालक, आपले रद्दीवाले काका. पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचं यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली, एकदोन मोठी नावंही निघाली. पण या प्रदर्शनाचे परीक्षक व्हायला काकांइतका लायक माणूस मला तरी सुचला नाही. कुठल्या वस्तूला पुन्हा किंमत येते आणि कुठलीला येत नाही, हे त्यांना रोज खिशातून कळतं.

तयारी सुरू झाली तेव्हा आठवीची मुलं त्यांच्या दुकानात गेली होती. काय घेता आणि काय घेत नाही, एवढंच विचारायचं होतं. पुठ्ठा घेतो, वह्या घेतो, तेलाचे डबे घेतो. थर्माकोल? काका म्हणाले, "फुकट दिलंत तरी नको." मुलांना वाटलं, चिडले. मग त्यांनी हिशोब सांगितला. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच. टेम्पो भरून नेला तरी काट्यावर वजन नाही, आणि टेम्पोचं भाडं मात्र पूर्ण. थर्माकोल का गोळा होत नाही, हे मी वर्गात फळ्यावर शिकवलं असतं तर इतकं पक्कं बसलं नसतं. चकचकीत लग्नपत्रिका आणि ज्यूसची खोकी ते कागदात का घालत नाहीत, तेही तिथेच कळलं. पत्रिकेवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. खोक्यात तर कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम असे थरावर थर. हाताने ते सुटे होत नाहीत.

यंदाच्या प्रदर्शनाचा नियम तिथूनच आला. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी आहे, तिच्यावर दोनच ओळी. पहिली, हे कुठून आलं. दुसरी, दिवाळीनंतर हे कुठे जाणार. पहिली ओळ सगळ्यांना पटकन जमली. दुसऱ्या ओळीने घाम फोडला. कारण जुन्या बाटलीवर चमकी थापली, गरम गोंदाने मणी चिकटवले, वर सोनेरी रंग फवारला, की दिसायला सुंदर, पण आधी जी बाटली काका घेत होते ती आता कुणीच घेणार नाही. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच चुरा, धुतली की थेट गटारात. म्हणून यंदा चमकी बंद. काही मुली माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हत्या, ते मी सहन केलं.

पालकांनाही एक गोष्ट हसत हसत सांगते. आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट स्टेशनरीच्या दुकानातून आणून केलेलं घर 'टाकाऊतून टिकाऊ'मध्ये बसत नाही. कागदी पेल्यांची नवी कोरी चवड आणून केलेलं तोरणही नाही. अशा वस्तू आम्ही प्रेमाने परत पाठवल्या. रात्री अकरा वाजता पालकांनीच बसून पूर्ण केलेल्या कलाकृती आम्हाला लगेच ओळखू येतात, हेही जाता जाता सांगून ठेवते.

आता आत काय आहे ते थोडं सांगते, सगळं नाही. डाव्या हाताला आकाशकंदील आहेत. त्यातला निळसर हिरवा जरूर थांबून बघा. सातवीतल्या एका मुलाने तो केलाय, घर दिवा कोळीवाड्यात. आजोबांचं फाटलेलं जाळं त्याने बांबूच्या कामट्यांवर ताणून बसवलंय. कामट्या गणपतीच्या मांडवातल्या. कुठेही गोंद नाही, सगळ्या गाठी, आणि गाठी आजोबांनी शिकवलेल्या. आत दिवा लावला की भिंतीवर जाळ्याची सावली पडते. चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत त्याने लिहिलंय, "पुढच्या वर्षी पण हाच लावणार." याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

त्याच्या शेजारी पुठ्ठ्याची नक्षीदार मखरं आहेत. मुलांनी खोक्यांचा पुठ्ठा ओलसर करून वरचा एक कागद हलकेच सोलून काढला, की आतली नागमोडी घडी उघडी पडते. ती घडी एका दिशेला वाकते, दुसऱ्या दिशेला मोडते. हे कळेपर्यंत बऱ्याच खोक्यांचे हाल झाले. एकदा कळलं, मग कमानी सरसर वळल्या. चिकटवायला मैद्याची खळ वापरलीये, म्हणजे दिवाळीनंतर मखर सरळ काकांच्या काट्यावर. उजवीकडे जुन्या साड्यांच्या काठांची तोरणं, करवंट्यांचे दिवे आणि पाचवीच्या मुलांचा किल्ला आहे. किल्ल्याबद्दल मी बोलत नाही, ते मावळे स्वतःच तुम्हाला गाठतील.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 सालीच बंदी आली, आणि 1 जुलै 2022 पासून ती देशभर आहे. तरी बाजारात काय मिळतं ते आपण बघतोच. पण ऐरोलीकरांना कायद्याचं कलम सांगावं लागू नये. आपली ठाणे खाडी इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 2015 मध्ये ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेली. नाल्यात टाकलेलं शेवटी तिथेच जातं. ओहोटीच्या वेळी खारफुटीची मुळं उघडी पडली की त्यांत पांढरे मणी अडकलेले दिसतात. ते मीठ नाही, थर्माकोल आहे. थंडीत फ्लेमिंगो येतात ते त्याच चिखलात चोच घालून खातात.

थोड्या सूचना देते. कागदी कंदिलांत फक्त एलईडी बल्ब आहेत. कुणीही हौसेने पणती ठेवू नका, घरी नेल्यावरसुद्धा. वस्तूंना हात लावायचा असेल तर करणाऱ्याला विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील. प्रदर्शन आज आणि उद्या, सकाळी दहा ते एक. सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी दाराशी एक मोठं खोकं ठेवलेलं असेल. सजावटीतलं जे मोडेल, विटेल, ते त्यात आणून टाका. वेगळं करायचं काम आठवीकडे आहे आणि त्यांनी ते स्वतःहून मागून घेतलंय. शाळेच्या सफाईच्या मावशींनी या महिन्यात आमचा पसारा न कुरकुरता सांभाळला. मावशी, तुम्ही काकांबरोबर पुढे या.

फीत म्हणून इथे नऊवारीचा काठ बांधलाय. तो कापायचा नाही, पुढच्या वर्षी लागणार आहे. काका, मावशी, दोघांनी एकेक टोक धरून गाठ सोडा. आणि आठवी, त्यांचं झाल्याशिवाय दारात गर्दी करू नका!