केळ्याला सांगावा कोण धाडतं?

(पांढऱ्या पाटीवरचा व्हिडिओ, अंदाजे 8 मिनिटं. निवेदनाचा आवाज एकच; मायचे चार-पाच संवाद वेगळ्या आवाजात. पेन काळा. हिरवा आणि पिवळा रंग फक्त केळ्यासाठी, दुसऱ्या कशालाही नाही.)

पाटीवर: कोरी पाटी. हात एका रेघेत खुंटी काढतो, खुंटीला दोरी, दोरीला केळ्याची फणी. हिरवा रंग भरतो. शेजारी नऊवारीतली माय, कपाळावर घामाचे तीन थेंब. कोपऱ्यात लिहितो: "रावेर तालुका, मे".

आवाज: ही फणी टांगून आज सहावा दिवस. साल अजून हिरवीगार आहे. मायनं रोज सकाळी पाहिलं आणि रोज मान हलवली.

माय: एवढी गरमी पडली तरी पिकंना! गरमीनंच पिकतं ना केळं? हे म्हशीलाच टाकते आता.

पाटीवर: मायच्या डोक्यावर ढग. ढगात सूर्य, सूर्यापासून केळ्याकडे जाड बाण. बाणावर "गरमी".

आवाज: थांब माय, फणी तिथंच राहू दे. तिच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी तुझा हा बाण तपासू. तो चुकलाय असं लगेच म्हणत नाही. आपल्याकडे बागेत राबून म्हातारे झालेले लोकही हेच सांगतात.

पाटीवर: पाटी सरकते. दोन सारखेच पत्र्याचे डबे. दोन्हीत एकेक हिरवं केळं. दुसऱ्या डब्यात शेजारी एक पूर्ण पिवळं, ठिपके पडलेलं केळं. दोन्ही डबे एकाच फळीवर.

आवाज: दोन्ही डबे एकाच खोलीत, एकाच फळीवर. म्हणजे गरमी दोघांनाही सारखीच. फरक इतकाच, की दुसऱ्या डब्यात एक पिकलेला पाहुणा बसवलाय. झाकणं लावा आणि दिवस मोजा.

पाटीवर: खाली कॅलेंडरचे चौकोन भराभर खुडले जातात. दुसऱ्या डब्यातलं हिरवं केळं पिवळं होत जातं, पहिलं हिरवंच.

आवाज: पाहुण्याशेजारचं केळं आधी पिकलं. हा प्रयोग घरीही करता येतो, खर्च दोन डब्यांचा. आता सांगा, पाहुण्यानं हात तर लावला नाही, मग त्याच्याकडून याच्याकडे गेलं काय?

पाटीवर: दोन केळ्यांच्या मधली जागा मोठी होते. हात तिथं आधी प्रश्नचिन्ह काढतो, मग ते पुसून डोक्याला फेटा, हातात चिठ्ठी असलेला बारीक माणूस काढतो. त्याच्या पोटावर लिहितो: C₂H₄.

आवाज: वायू गेला. त्याचं नाव इथिलीन. कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे चार, एवढंच त्याचं घर. डोळ्यांना तो दिसत नाही. आपण त्याला सांगाव्या म्हणू. लग्नाचं आवतण घेऊन घरोघर फिरतो ना, तसा. चिठ्ठीत एकच ओळ असते: "पिकायला घ्या."

पाटीवर: कोपऱ्यात छोटं चित्र: रस्त्यावरचा गॅसचा दिवा, खाली कुंडीत वेडावाकडा वाढलेला वाटाण्याचा कोंब.

आवाज: याला पकडलं कुणी? 1901 साली रशियातल्या नेल्युबोव्ह नावाच्या अभ्यासकानं. प्रयोगशाळेत वाटाण्याचे कोंब सरळ वर जायचे सोडून आडवे वाढत होते. त्यानं शोध घेतला तेव्हा दिव्याच्या गॅसमधला इथिलीन सापडला. फळं स्वतःच हा वायू सोडतात, हे मात्र 1934 साली इंग्लंडमध्ये गेन यांनी दाखवलं. आपल्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं, तरी काम चालूच होतं. बंद खोलीत केळी रचायची, धुरी द्यायची, दार लिंपायचं. धुरातही इथिलीन असतो. पिकवत होता तो, श्रेय मिळत होतं गरमीला.

पाटीवर: मायच्या ढगातला "गरमी" बाण परत येतो. हात तो पुसत नाही, फक्त त्यावर एक फुली हलकेच काढतो.

आवाज: पूर्ण पुसू नका. गरमीचं काम आहे, ते पुढे कळेल.

पाटीवर: मोठं केळं, उभं कापलेलं. सांगाव्या सालीच्या दारावर टकटक करतो. दार उघडतं. आत तीन गडी झोपलेले. छातीवर पाट्या: "गोडी", "मऊ", "रंग".

आवाज: आता आत जाऊ. सांगावा आला की हे तीन गडी उठतात.

पहिला गोडीचा. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा पिठूळ पदार्थ असतो, म्हणजे स्टार्च. म्हणून तर कच्च्या केळ्याचे वेफर कुरकुरीत होतात आणि पिकल्याचे होत नाहीत. हा गडी ते पीठ तोडून साखर करतो. केळं पुरतं पिकलं की पीठ उरतं शंभरात एक-दोन भाग.

पाटीवर: पहिला गडी लांब माळ कात्रीनं कापतो. सुटे मणी खाली पडतात, मण्यांचे साखरेचे चौकोन होतात.

आवाज: दुसरा मऊपणाचा. पेशी एकमेकींना चिकटवणारा गारा असतो, पेक्टिन म्हणतात त्याला. हा गडी तो गारा सोडवत बसतो. तिसरा रंगाचा. लोकांना वाटतं तो पिवळा रंग देतो. नाही. पिवळा रंग सालीत आधीपासून आहे, वर हिरव्याची चादर आहे. हा फक्त चादर ओढतो.

पाटीवर: तिसरा गडी हिरवी चादर टोकाला धरून ओढतो. अर्धं केळं पिवळं. हात थांबतो.

आवाज: चादर अर्धीच ठेवा. हे चित्र पुन्हा लागणार आहे.

(इथे दोन सेकंद शांतता. प्रेक्षकाला चित्र पाहू द्यावं, मागे संगीत नको.)

पाटीवर: जागा झालेल्या केळ्यातून एक सांगाव्या बाहेर पडतो. मग दोन. मग दहा. शेजारच्या केळ्यांवर टकटक. पाटी भरून जाते.

आवाज: आणि ही यातली खरी गंमत. सांगावा मिळालेलं केळं स्वतःही सांगावे धाडायला लागतं. एकाचे दोन, दोनाचे दहा. गावात एका घरी बातमी पोचली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळते, तसंच. म्हणून ट्रकमध्ये एखादी फणी वाटेत पिकली की व्यापाऱ्याचा जीव वरखाली होतो. आंबा, पपई, चिकू, सीताफळ, टमाटा ही याच जातकुळीची. द्राक्ष, संत्रं, लिंबू नाहीत. ती तोडली की जेवढी गोड तेवढीच.

पाटीवर: सावद्याहून उत्तरेकडे जाणारी रेल्वेची वॅगन, टोकाला "दिल्ली". वॅगनमध्ये हिरवी केळी, दारात सांगाव्याला अडवणारी काठी.

आवाज: म्हणून दूरच्या बाजाराचा घड झाडावर पूर्ण भरू देत नाहीत. केळ्याच्या धारा अजून थोड्या दिसत असतानाच कापतात. पेटीत कधी जांभळी पुडी दिसली तर फेकू नका. त्यात पोटॅशियम परमँगनेट असतं, ते सांगाव्यांना वाटेतच गिळतं.

पाटीवर: दाराला रबरी पट्टी असलेली खोली. आत क्रेटच्या थप्प्या. हात मापं लिहितो: लांबी 5 मीटर, रुंदी 5 मीटर, उंची 4 मीटर.

आवाज: केळी बाजाराजवळ पोचली. आता सगळ्यांना एकदम उठवायचंय. हे रायपनिंग चेंबर. इथिलीन सोडायचा हवेच्या दहा लाख भागांना 100 भाग. आकडा ऐकून घाबरू नका, पाटीवर मांडू.

पाटीवर:
5 × 5 × 4 = 100 घनमीटर
100 घनमीटर = 1,00,000 लिटर
1,00,000 × 100 ÷ 10,00,000 = 10 लिटर

हात शेजारी एक बादली काढतो.

आवाज: एवढ्या खोलीला एक बादलीभर वायू! तोही साधारण 24 तास. मग दार उघडून हवा बदलायची, कारण जागी झालेली केळी जोरात श्वास घेतात. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचला की सांगाव्याचं कुणी ऐकत नाही. खोलीत दमट हवा ठेवायची, नाहीतर साल सुकते. चार-पाच दिवसांत माल पिवळा. "चेंबरचं केळं म्हणजे औषधाचं केळं" असं म्हणणाऱ्यांना हे चित्र दाखवा. बाहेरून फक्त निरोप गेला, राबले आतलेच गडी.

पाटीवर: दारात दुसराच माणूस. खोटी मिशी, चुरगळलेली चिठ्ठी, खिशातून करडी भुकटी सांडतेय.

आवाज: हा मात्र तोतया. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कच्ची. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. फळं पिकवायला ते वापरायला आपल्या देशात बंदी आहे. याच्यावर एवढंच पुरे.

पाटीवर: पुन्हा चेंबर. भिंतीवर तापमापी: 16 ते 18. बाहेर सूर्य तळपतोय.

आवाज: आता एक विचारा. गरमीनं पिकतं म्हणता, मग चेंबरवाला विजेचं बिल भरून खोली थंड का करतो?

पाटीवर: अर्ध्या चादरीचं केळं परत येतं. तिन्ही गडी. तापमापी वर चढते: 20, 24, 30, 35. गोडीचा आणि मऊपणाचा गडी पळायला लागतात. रंगाचा गडी चादर सोडून सावलीला बसतो.

आवाज: कारण तिघांना एकच हवा मानवत नाही. पारा 24 च्या वर गेला की आपल्या बाजारातल्या केळ्याच्या रंगाचा गडी हात आखडता घेतो. बाकीचे दोघं उलट जास्त पळतात. थंडीचंही तसंच, 13 च्या खाली साल काळवंडते. म्हणून हिरवं केळं फ्रिजमध्ये ठेवू नये. 16 ते 18 ला तिघं बरोबरीनं चालतात.

पाटीवर: पहिलं चित्र. खुंटी, दोरी, हिरवी फणी. माय फणी हातात घेऊन गोठ्याकडे निघालेली. म्हशीनं मान वळवलेली.

आवाज: माय, घरात पारा किती?

माय: बाहेर पंचेचाळीस, घरात पस्तीस तरी असंल.

आवाज: एक केळं तोड. दाबून बघ.

पाटीवर: मायचा अंगठा हिरव्या सालीत रुततो.

माय: अय्या बाई... मऊ लागतंय की!

आवाज: सोल.

पाटीवर: हिरवी साल तीन पट्ट्यांत खाली येते. आतला गर पिवळसर. माय एक घास घेते. म्हैस अजून बघतेच आहे. हात तिच्यापुढे सालीचं टोपलं काढतो आणि पेन खाली ठेवतो.