अभ्यासिकेच्या उद्घाटनप्रसंगी देणगीदारांचा परिचय आणि आभार

आदरणीय अध्यक्ष महोदय, सभासद बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

आज १५ ऑक्टोबर. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा हा दिवस आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो आणि आजच आपल्या वाचनालयाची अभ्यासिका सुरू होत आहे. ती ज्यांच्यामुळे उभी राहिली, त्या नानांचा परिचय करून देण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिले आहे.

नानांचा व्यवसाय इथे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याबद्दल मी बोलणार नाही. तशी त्यांचीही इच्छा आहे. आपले वाचनालय ‘ड’ वर्गातले. शासनाचे अनुदान वर्गानुसार मिळते आणि पुस्तके, नियतकालिके व ग्रंथपालांचे मानधन यांचा मेळ घालण्यातच ते संपते. मागची खोली त्यामुळे कित्येक वर्षे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी भरलेली होती. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नानांकडे गेलो, तेव्हा किती पैसे लागतील हे त्यांनी आधी विचारलेच नाही. “मुलं किती वेळ बसतात?” असे त्यांनी विचारले, आणि आम्हाला नीट उत्तर देता आले नाही.

मग सलग तीन संध्याकाळी ते स्वतः इथे येऊन बसले. वीज गेली की मुली वह्या आवरून घरी निघतात आणि पुन्हा येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. इतकी वर्षे रोज इथे असूनही आमच्या ते ध्यानात आले नव्हते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून टेबलांच्या आधी इन्व्हर्टर आला. त्यानंतर चोवीस जणांच्या बसण्याची सोय झाली, आणि तासन्‌तास बसणाऱ्याची पाठ दुखू नये म्हणून नानांनी सुताराकडून नमुन्याची खुर्ची दोनदा बदलून घेतली.

त्यांची देणगी एक लाख पंच्याऐंशी हजार रुपयांची आहे. रक्कम जाहीर करणे त्यांना फारसे रुचले नाही, परंतु संस्थेचा पैसा सभासदांचा असल्यामुळे खर्चाचा तपशील पावत्यांसह सूचनाफलकावर लावला आहे. तो आपण जरूर पाहावा.

भिंतीवर नावाची पाटी लावण्याचा आमचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. त्या जागी घड्याळ लावा, परीक्षेच्या मुलांना त्याचा उपयोग होईल, असे त्यांनी सुचवले. ते घड्याळ आज सकाळीच लावले आहे.

नाना, कार्यकारिणीच्या, सर्व सभासदांच्या आणि विशेषतः आजपासून रात्री नऊपर्यंत इथे निश्चिंतपणे बसू शकणाऱ्या मुलींच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. आमच्या ग्रंथपाल ताईंच्या हस्ते आपण ही ग्रंथभेट स्वीकारावी आणि त्यानंतर अभ्यासिकेतला पहिला दिवा लावावा, अशी आपल्याला नम्र विनंती करतो.