यंदा ओवाळणीच्या पाकिटात पुस्तक घाला

सोनपापडीचा डबा या सोसायटीतून त्या सोसायटीत फिरत भाऊबीजेपर्यंत पुन्हा आपल्याच दारात येतो, हा विनोद आता जुना झाला. डबा मात्र अजून फिरतोच आहे. काचेचे सहा ग्लास, भिंतीवरचं घड्याळ, सुगंधी मेणबत्त्या, प्लास्टिकच्या ट्रेमधला सुका मेवा... घेणारा तोंडाने “अहो, कशाला एवढं!” म्हणतो आणि मनात हे पुढे कुणाला देता येईल याचा हिशेब मांडतो. त्यातून मुंबईची घरं. माळा भरलेला, दिवाणाचा कप्पा भरलेला. तिथे आणखी एक डिनर सेट म्हणजे भेट कमी आणि अडगळ जास्त.

पुस्तकाला बोटभर जागा लागते. शिवाय ते वाचून झालं की दुसऱ्याला दिलं तरी कुणाला वाईट वाटत नाही.

पण पुस्तक भेट द्यायचं म्हटलं की हात आखडतो, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो. “त्यांच्याकडे हे असलं तर?” “वहिनींना कादंबरी आवडते की चरित्र?” “भाचा हल्ली मराठी वाचतो तरी का?” एवढे प्रश्न पडले की माणूस सरळ मिठाईच्या दुकानाकडे वळतो. त्यासाठीच यंदा दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या दुकानात मिळेल दिवाळी पुस्तक-कार्ड. पैसे तुम्ही भरा, पुस्तक त्यांना निवडू द्या.

वरचा रुपया आमचा

आपल्याकडे पाकिटात कुणी नुसते पाचशे घालत नाही, पाचशे एक घालतो. तो वरचा रुपया यंदा आमच्याकडून. 250 रुपये भरलेत तर कार्डावर 251 रुपयांची खरेदी होईल. 500 भरलेत तर 551 ची, 1000 भरलेत तर 1101 ची आणि 2000 भरलेत तर 2251 ची. कार्ड ज्या पाकिटातून देऊ, त्यावर रुपयाचं खरं नाणंही चिकटवलेलं असेल. ते कार्डाच्या रकमेत धरलेलं नाही, ते शकुनाचं.

पाकीट मुद्दाम ओवाळणीच्या ताटात मावेल एवढंच ठेवलं आहे. पाडव्याला बायकोला द्या, भाऊबीजेला बहिणीला द्या. बहिणीने भावाला दिलं तरी आमची काही हरकत नाही.

कार्ड म्हणजे कोरडं काम, असं वाटतंय?

वाटू शकतं. नुसतं कार्ड हातात ठेवलं तर “आम्हाला विचार करायला वेळ नव्हता, तुमचं तुम्ही बघा” असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून कार्डाच्या मागे दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. तिथे स्वतःच्या अक्षरात एखाद्या पुस्तकाचं नाव लिहा, स्वतः वाचलेल्या आणि त्यांनीही वाचावं असं वाटणाऱ्या. सोबत कारण लिहिलंत तर फारच उत्तम. “यातली आजी अगदी आपल्या काकूसारखी आहे” एवढं पुरे. कार्ड घेताना आम्हाला सांगितलंत तर त्या पुस्तकाची एक प्रत त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवू. ते आले, त्यांना आवडलं, तर घेतील. नाही आवडलं तर दुसरं घेतील, आणि आम्ही तुमच्याकडे चुगली करणार नाही.

स्वतःला काही सुचत नसेल तर आम्हाला विचारा. फक्त “चांगलं काहीतरी द्या” असं म्हणू नका, माणूस सांगा. आजोबांची नजर अधू झाली असेल तर मोठ्या टाइपातली पुस्तकं वेगळ्या कपाटात लावली आहेत. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या मैत्रिणीसाठी पर्समध्ये मावतील असे कथासंग्रह आहेत. जाडजूड चरित्र एका हातात धरून आणि दुसऱ्या हाताने कडी पकडून वाचता येत नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातीसाठी कमी मजकुराची, भरपूर चित्रांची मराठी पुस्तकं आहेत. ती स्वतः वाचू शकेल अशीच घ्या, नाहीतर आईला वाचून दाखवावी लागतात आणि पाडव्यानंतर ते राहून जातं. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला स्वयंपाकाचं पुस्तक द्यायचं असेल तर दोघांच्या नावाने द्या, ही आमची आगाऊ सूचना.

दिवाळी अंकही याच कार्डावर

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो याच मुंबईतून. तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. अलीकडे मात्र “अंक घ्यायचा राहिला” हे वाक्य दिवाळी संपल्यावर फार ऐकू येतं. कार्डावर अंक घेता येतील, एक किंवा अनेक. आईवडील गावी असतील आणि तुम्ही इथे, तर कार्डाऐवजी थेट निवडक अंकांचा गठ्ठा बांधून देऊ. जाताना पिशवीत टाका. गाजलेले अंक लवकर संपतात, तेव्हा अंकांसाठी भाऊबीजेपर्यंत थांबू नका.

ऑफिस आणि सोसायट्यांसाठी

वीस किंवा अधिक कार्डं एकदम घेतलीत तर प्रत्येक पाकिटावर नाव सुलेखनात लिहून देऊ. त्यासाठी निदान चार दिवस आधी यादी द्या, आणि नावं नीट तपासून द्या. जोशींचे जाधव झाले तर दोष आमच्याच माथी येतो.

सोसायटीच्या सचिवांना एक विनंती. वॉचमन, सफाई कामगार, घरकामाला येणाऱ्या ताई यांचा दिवाळी बोनस रोखच द्या, त्याच्या जागी कार्ड देऊ नका. बोनस दिल्यावर त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी म्हणून कार्ड दिलंत, तर मात्र त्या मुलांना पुस्तक निवडायला आम्ही हवा तेवढा वेळ देऊ. पानं उलटून पाहिली म्हणून इथे कुणी ओरडत नाही.

नियम, थोडक्यात

कार्ड पुढच्या दिवाळीपर्यंत चालेल. सगळी रक्कम एकदम संपवायची सक्ती नाही. उरलेली कार्डावरच राहील. पुस्तक कार्डापेक्षा महाग असेल तर वरचे पैसे रोख किंवा यूपीआयने भरता येतील. कार्डाच्या बदल्यात रोख रक्कम मिळणार नाही. पुस्तकं आणि दिवाळी अंक सोडून डायरी, पेन, कंपासपेटी यांना कार्ड चालणार नाही, नाहीतर जूनमध्ये सगळी कार्डं वह्यांवरच खर्च होतील. कार्ड हरवलं तर घाबरू नका, बिल दाखवलंत की उरलेल्या रकमेचं नवं कार्ड देऊ. म्हणून बिल तुमच्याकडे ठेवा, पाकिटात घालू नका. किंमतही कळायला नको.

दुकान दादर पश्चिमेला, रानडे रोडवर आहे. रोज सकाळी 10 ते रात्री 9 उघडं असतं. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी स्टेशनच्या बाजूने रानडे रोडवर शिरणं म्हणजे काय, हे दादरकरांना सांगायला नको. शक्य असेल तर सकाळी या, किंवा शिवाजी पार्कच्या बाजूने या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकान दुपारी 2 वाजता बंद होईल. भाऊबीजेला मात्र सकाळी 8 पासून उघडं ठेवतो आहोत, ज्यांना ओवाळणीची आठवण बहिणीच्या घरी निघतानाच होते त्यांच्यासाठी.